सातव्या आठवड्यात लागलेला डाग: सक्त विश्रांती, प्रोजेस्टेरॉन आणि पुरावा काय सांगतो

या प्रकरणातली सुवर्णा ही एक विशिष्ट बाई नाही. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांत जे वारंवार घडतं, त्यावरून बेतलेलं हे उदाहरण आहे. वय २९, पतसंस्थेत कारकून. दीड वर्षापूर्वी पहिल्यांदा दिवस गेले होते, ते नवव्या आठवड्यात पडले. आता पुन्हा दिवस गेले आहेत. पाळी नियमित, त्यामुळे तारखांचा घोळ नाही. शेवटच्या पाळीपासून मोजले तर ७ आठवडे ४ दिवस झाले आहेत. सकाळी लघवीला गेल्यावर कपड्यावर गडद तपकिरी डाग दिसला आणि दुपारपर्यंत तो लालसर झाला. पोटात पाळीच्या आधी असते तशी बारीक कळ. मागच्या खेपेलाही सुरुवात अशीच झाली होती, म्हणून घरात कुणी फारसं बोललं नाही. सासूबाईंनी खाटेच्या पायथ्याखाली दोन-दोन विटा घातल्या आणि "आता अंगणातसुद्धा उतरायचं नाही" असं बजावलं.

संध्याकाळी तपासणी झाली. चिठ्ठीवर "थ्रेटन्ड अबॉर्शन" असं लिहिलेलं होतं, आणि नवऱ्याने ते वाचलं तेव्हा त्याला वाटलं की गर्भपात झालाच. हा गैरसमज इतका नेहमीचा आहे की चिठ्ठी देतानाच त्याचा अर्थ सांगायला हवा. अर्थ असा: गर्भ पिशवीत आहे, पिशवीचं तोंड बंद आहे, रक्त दिसलं आहे, पण काही पडलेलं नाही. पहिल्या तीन महिन्यांत दर चार-पाच गरोदर बायकांपैकी एकीला असं रक्त दिसतं आणि त्यातल्या बहुतेकींचं गरोदरपण पुढे नीट चालतं.

आधी काय पाहिलं, आणि का

औषधाचा विचार करण्याआधी तीन गोष्टींचा निकाल लागायला हवा. गर्भ पिशवीतच आहे ना, की नळीत? पिशवीत असेल तर ठोके आहेत का? आणि रक्त नक्की कुठून येतंय? पहिला प्रश्न जिवाशी गाठ घालणारा आहे. नळीतल्या गर्भातही सुरुवातीला असाच थोडा डाग लागतो, आणि सोनोग्राफी न करता गोळ्या देऊन "आठवडाभर झोपून राहा" असं सांगितलं तर नळी फुटेपर्यंतचा वेळ त्या झोपण्यातच जातो. विश्रांतीच्या सल्ल्याने होणारं सगळ्यात मोठं नुकसान कदाचित हेच: तपासणी लांबते.

सुवर्णाची सोनोग्राफी योनीमार्गातून केली. त्याने गर्भाला धक्का बसत नाही. या दिवसांत पोटावरून करण्यापेक्षा त्यात चित्र बरंच स्पष्ट येतं. गर्भ पिशवीत होता, त्याची लांबी १३ मिलिमीटर, म्हणजे तारखेला अगदी जुळणारी, आणि ठोके मिनिटाला १५०. गर्भकोशाच्या, म्हणजे गर्भाभोवतीच्या आवरणाच्या, कडेला रक्ताचा एक लहानसा साठा दिसत होता. नंतर योनीमार्ग उघडून पाहायच्या उपकरणाने आत पाहिलं तेव्हा पिशवीचं तोंड बंद होतं आणि तोंडावर जखम किंवा गाठ नव्हती. रक्तगट बी पॉझिटिव्ह, त्यामुळे अँटी-डीच्या इंजेक्शनचा प्रश्न आला नाही. हिमोग्लोबिन पाहिलं, लघवी तपासली, आणि तिथेच थांबले.

थांबले हे मुद्दाम सांगतो, कारण अशा वेळी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भ टिकवणारं संप्रेरक, आणि बीटा-एचसीजी, म्हणजे गर्भाकडून येणारं संप्रेरक, दर दोन दिवसांनी काढायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. ठोके दिसल्यानंतर बीटा-एचसीजीचा आकडा नवीन काही सांगत नाही. आणि प्रोजेस्टेरॉन कमी आलं तरी त्यावरून "प्रोजेस्टेरॉन कमी म्हणून गर्भ पडतोय" असं म्हणता येत नाही. गर्भ आधीच खचलेला असेल तर त्याच्याकडून अंडाशयाला मिळणारी सूचना मंदावते आणि प्रोजेस्टेरॉन त्यामुळे उतरतं. मग ते वरून भरून काढल्याने मुळातलं बिघडलेलं सुधारत नाही.

ठोके दिसले नसते तरी लगेच निकाल द्यायचा नसतो. गर्भाची लांबी ७ मिलिमीटरपेक्षा कमी असेल, किंवा गर्भ न दिसणाऱ्या गर्भकोशाचा सरासरी व्यास २५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल, तर निदान सात दिवसांनी पुन्हा पाहायचं. आकडा त्याहून जास्त असला तरी दुसऱ्या जाणकाराकडून खात्री करून घ्यायची. तारीख चुकलेली असू शकते, आणि घाईने पिशवी साफ केली तर ती चूक परत फिरवता येत नाही.

झोपून राहिल्याने काय होतं

सक्त विश्रांतीमागची कल्पना साधी आहे. उभं राहिलं की वजन खाली येतं आणि गर्भ निसटतो. पण सात आठवड्यांचा गर्भ पिशवीच्या पोकळीत सुटा पडलेला नसतो. तो अस्तरात रुतलेला असतो, आणि ती पिशवी जाड स्नायूची, चहूबाजूंनी आवळलेली असते. दिसणारं रक्त बहुतेक वेळा बाईच्या त्या अस्तरातल्या बारीक रक्तवाहिन्यांचं असतं. खाटेखालच्या विटांनी त्या वाहिन्यांवर काही परिणाम होत नाही.

पुरावा काय आहे? तो थोडा आहे आणि जुना आहे, हे आधीच मान्य करायला हवं. कॉक्रेन संस्थेने २००५ मध्ये सगळे नीट घेतलेले प्रयोग गोळा केले तेव्हा हाती लागले दोनच, आणि त्यांत मिळून ८४ बायका. झोपून राहणाऱ्या गटात गर्भपात कमी झाले नाहीत. आकडे उलट किंचित जास्तच होते, पण एवढ्या थोड्या बायकांत असा फरक निव्वळ योगायोगानेही येतो. म्हणजे झोपून राहणं घातक आहे असं सिद्ध झालेलं नाही. ते उपयोगी आहे असंही कुठे दिसलेलं नाही. नुकसान मात्र बाकी वैद्यकातून चांगलं ठाऊक आहे. गरोदरपणात रक्त तसंही लवकर गोठतं, त्यात दिवसेंदिवस पाय हलले नाहीत की पोटरीच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. बद्धकोष्ठ होतं, स्नायू सैल पडतात, उठलं की चक्कर येते. आणि बाई छताकडे बघत प्रत्येक कळ मोजत बसते.

मग हा सल्ला इतका टिकला कसा? याची दोन कारणं आहेत आणि ती समजली की घरातलं भांडण बरंचसं मिटतं. पहिलं कारण हिशेबाचं. ठोके दिसल्यानंतर बहुतेक गरोदरपणं टिकतातच. त्या सगळ्यांना झोपवून ठेवलं तर सगळ्या म्हणणार, झोपले म्हणून टिकलं. जिचं पडतं तिला विचारलं जातं, उठली होतीस का? आणि उठली नव्हती असं कुणाचंच नसतं.

दुसरं कारण डोळ्यांना दिसणारं आहे, म्हणून जास्त फसवं. तिसऱ्या दिवशी सुवर्णा दुपारभर पडून होती. चार वाजता लघवीसाठी उठली आणि दोन पावलांत पायांवरून रक्ताची धार आली, त्यात सुपारीएवढी गडद गाठ. सासूबाई म्हणाल्या, "बघ, उठलीस आणि गेलं." प्रत्यक्षात झालं होतं ते असं: आडवं असताना थोडं थोडं निघालेलं रक्त योनीमार्गाच्या मागच्या खोलगट भागात साठतं. दोन-तीन तासांत ते तिथेच गोठतं. उभं राहिलं की सगळं एकदम खाली येतं. ते रक्त उठण्यामुळे सुटलेलं नसतं, आधीच सुटून आत थांबलेलं असतं. ओळखायची खूण सोपी आहे. धार एकदाच येते, रंग गडद असतो, आणि पुढच्या अर्ध्या तासात पॅडवर थोडंच दिसतं. ताजं लालभडक रक्त उभं असतानाही आणि बसल्यावरही सारखं येत राहिलं, तर ती गोष्ट वेगळी. त्या संध्याकाळी तिने पॅड बदलून एक तास वाट पाहिली. नव्या पॅडवर रुपयाएवढा डाग होता, म्हणून रात्री धावपळ करावी लागली नाही.

तिला शेवटी दिलेला सल्ला असा: घरातल्या घरात वावर ठेवायचा, स्वयंपाक जमेल तेवढा, दुपारी वाटलं तर पडायचं, भरल्या हंड्या आणि सिलिंडर उचलायचा नाही, रक्त दिसतंय तोवर संबंध टाळायचे. यातल्या शेवटच्या दोन गोष्टींनाही भक्कम पुरावा नाही. त्या सावधगिरीच्या आहेत, आणि तिला तसंच सांगितलं. कामावर परत कधी जायचं ते तिच्यावर सोडलं. मळमळ आणि थकवा इतका होता की चार दिवसांची रजा तिला हवीच होती. थकलेल्या बाईने आराम करावा यात काही गैर नाही. आक्षेप आहे तो "उठलीस तर पोर जाईल" या वाक्याला, कारण उद्या खरंच पडलं तर त्याचा दोष जन्मभर तिच्या अंगाला चिकटतो.

प्रोजेस्टेरॉनचं खरं काय

प्रोजेस्टेरॉनची बाजू विश्रांतीपेक्षा भक्कम आहे, पण सगळ्यांसाठी नाही. हे संप्रेरक गर्भाशयाचं अस्तर टिकवतं आणि स्नायू शांत ठेवतं. सुरुवातीला ते अंडाशयातून येतं. साधारण सातव्या ते नवव्या आठवड्यात ते बनवायचं काम वार हाती घेते. सुवर्णाचा डाग नेमका याच संधिकाळातला. म्हणून "वरून थोडं दिलं तर?" हा विचार बिनबुडाचा नाही. पण सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निदान निम्मे गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात, आणि तिथे प्रोजेस्टेरॉन काहीच करू शकत नाही. प्रश्न उरलेल्यांचा.

त्याचं उत्तर द्यायचा सर्वांत मोठा प्रयत्न म्हणजे ब्रिटनमधला प्रिझम प्रयोग, प्रसिद्ध झाला २०१९ मध्ये. ४८ रुग्णालयं, ४,१५३ बायका. सगळ्यांना सुरुवातीच्या आठवड्यांत रक्त दिसलं होतं आणि सोनोग्राफीत पिशवीतला गर्भकोश दिसला होता. निम्म्यांना ४०० मिलिग्रॅम मायक्रोनाइज्ड, म्हणजे अगदी बारीक कण केलेलं, प्रोजेस्टेरॉन योनीमार्गात दिवसातून दोनदा, १६ आठवडे पुरे होईपर्यंत. निम्म्यांना हुबेहूब तशीच पण औषध नसलेली वडी. कुणाला काय मिळतंय हे बाईला माहीत नव्हतं, डॉक्टरलाही नव्हतं. ३४ आठवड्यांनंतर जिवंत बाळ झालेल्या बायकांचं प्रमाण औषधाच्या गटात ७५ टक्के, दुसऱ्या गटात ७२ टक्के. हा फरक योगायोगाचा नाही असं छातीठोकपणे म्हणता येईल एवढा नव्हता. म्हणजे रक्त दिसलं की सरसकट प्रत्येकीला प्रोजेस्टेरॉन, याला आधार मिळाला नाही.

पण आधी किती गर्भपात झाले होते त्यावरून बायकांचे गट पाडायचं प्रयोग सुरू होण्याआधीच ठरलेलं होतं, आणि तिथे चित्र बदललं. आधी एकही गर्भपात न झालेल्यांत ७४ विरुद्ध ७५, म्हणजे फायदा शून्य. एक किंवा दोन झालेल्यांत ७६ विरुद्ध ७२. तीन किंवा अधिक झालेल्यांत ७२ विरुद्ध ५७. पायरी चढत जावी तसा हा क्रम आहे, म्हणून तो विश्वासार्ह वाटतो. तरी गट पाडून काढलेल्या निष्कर्षाला मुख्य निकालाइतकं वजन देता येत नाही, आणि तीन-अधिकच्या गटात बायका तीनशेहून कमी होत्या. हे ध्यानात ठेवूनच ब्रिटनच्या 'नाइस' या मार्गदर्शक संस्थेने नोव्हेंबर २०२१ मध्ये शिफारस बदलली: रक्त दिसतंय, गर्भ पिशवीत असल्याची खात्री आहे आणि आधी निदान एक गर्भपात झालेला आहे, अशा बाईला हे औषध द्यावं. या तीनपैकी एक जरी अट पुरी होत नसेल तरी शिफारस नाही. रक्त न दिसता नुसतेच वारंवार गर्भपात झालेल्यांसाठी वेगळा प्रयोग झाला होता, त्याचं नाव प्रॉमिस. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात ८३६ बायका होत्या आणि त्यांत ठळक फायदा दिसला नव्हता.

सुवर्णा तिन्ही अटींत बसते. तिला हिशेब कागदावर काढून दाखवला. तुझ्यासारख्या १०० बायका घे. औषध न घेता ७२ जणींना बाळ होतं. औषध घेऊन ७६ जणींना. म्हणजे ७२ जणींनी घेतलं काय, न घेतलं काय, सारखंच. २४ जणींचं औषध घेऊनही टिकत नाही. मधल्या चौघींसाठी सगळ्या शंभर जणी औषध घेतात. आणि तिचे ठोके दिसलेले आहेत, प्रयोगात ती अट नव्हती, त्यामुळे तिची मूळची बाजू ७२ पेक्षाही चांगली. हे ऐकून काही जणी "नको" म्हणतात आणि तेही चुकीचं नाही. सुवर्णाने "घेते" म्हटलं.

चिठ्ठीवर काय लिहिलं आणि काय खोडलं

पहिल्या चिठ्ठीवर, म्हणजे दुसरीकडून आलेल्या चिठ्ठीवर, पाच गोष्टी होत्या: तोंडाने घ्यायची प्रोजेस्टेरॉनची लांब काळ टिकणारी गोळी, आठवड्याला एक हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन कॅप्रोएटचं इंजेक्शन, गर्भाशय सैल करणारी आयसॉक्सुप्रिनची गोळी, एचसीजीचं इंजेक्शन, आणि तीन आठवडे सक्त विश्रांती. आपल्याकडे हा साचा फार ओळखीचा आहे. "प्रोजेस्टेरॉन" हा शब्द एकच असला तरी औषध, रस्ता आणि मात्रा बदलली की पुरावाही बदलतो, हे इथे विसरलं जातं.

प्रिझमचा निकाल योनीमार्गातल्या ४०० मिलिग्रॅम दोनदा याचा आहे. तोंडाने घेतलेलं मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन यकृतातून जाताना बरंचसं मोडतं. जे पदार्थ उरतात त्यांनी गुंगी येते आणि गर्भाशयापर्यंत थोडंच पोचतं. तोंडाच्या गोळीला प्रिझमचा दाखला देणं बरोबर नाही. डायड्रोजेस्टेरॉन हे वेगळंच, प्रयोगशाळेत घडवलेलं औषध. आपल्याकडे सर्वांत जास्त लिहिलं जाणाऱ्यांपैकी ते एक. जुन्या लहान प्रयोगांत ते उपयोगी वाटलं होतं, पण हाँगकाँगमध्ये ४०६ बायकांवर झालेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात गर्भपाताचं प्रमाण औषधाच्या गटात १२.८ आणि दुसऱ्या गटात १४.३ टक्के आलं. हा फरक धरण्यासारखा नाही.

इंजेक्शनची गोष्ट गंभीर आहे. हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन कॅप्रोएट हे नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन नव्हे. अमेरिकेत त्याची मान्यता २०२३ मध्ये काढून घेतली गेली, कारण मुदतपूर्व प्रसूती रोखण्याचा त्याचा दावा टिकला नाही. २०२४ मध्ये युरोपच्या औषध संस्थेच्या सुरक्षा समितीने ते थांबवण्याची शिफारस केली. गर्भात असताना ज्यांना ते मिळालं त्यांच्यात पुढे कर्करोगाचा धोका वाढत असावा अशी शंका होती, ती सिद्ध नव्हती पण नाकारताही येत नव्हती. ज्याचा फायदा दिसत नाही आणि धोक्याची शंका आहे, ते सुवर्णाच्या चिठ्ठीवर ठेवायला कारण उरलं नाही. आयसॉक्सुप्रिन आणि एचसीजी हेही खोडलं. दोन्हींमागे विश्वास ठेवावा असा पुरावा नाही, आणि आयसॉक्सुप्रिनने छाती धडधडते, रक्तदाब उतरतो. आधीच घाबरलेल्या बाईला त्या धडधडीची भर कशाला?

उरलं एकच औषध: मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन ४०० मिलिग्रॅम, सकाळी एक, रात्री एक, योनीमार्गात. फॉलिक अॅसिड आधीपासून चालू होतं ते तसंच.

आपल्याकडे हे मऊ कॅप्सूलमध्ये मिळतं आणि बऱ्याचदा तीच कॅप्सूल तोंडानेही घेता येते असं पाकिटावर असतं. म्हणून चूक होते ती इथेच. दुकानदार "पाण्याबरोबर" म्हणतो आणि बाई गिळते. चिठ्ठीवर "योनीमार्गात ठेवणे" असं मराठीत लिहून घ्यावं. ४०० ची मिळाली नाही तर २०० च्या दोन एका वेळी चालतात, २०० ची एकच घेणं म्हणजे अर्धी मात्रा. काही कॅप्सूलमध्ये शेंगदाण्याचं तेल असतं, त्याची अॅलर्जी असेल तर आधी सांगायचं.

ठेवायची रीत: लघवी करून घ्यायची, हात साबणाने धुवायचे, उकिडवं बसून किंवा पाय दुमडून आडवं होऊन बोट जाईल तितकी आत सरकवायची. त्यानंतर पंधरा-वीस मिनिटं पडून राहायचं, म्हणजे ती लगेच घसरून बाहेर येत नाही. (या पडण्याचा सक्त विश्रांतीशी संबंध नाही, हे सासूबाईंना वेगळं सांगावं लागलं.) दोन वेळांत साधारण बारा तास. विसरली तर आठवेल तेव्हा ठेवायची, पण पुढच्या वेळी दोन एकदम नाही. पांढरट तेलकट स्राव येतो, तो औषधाचा आधार वितळून आलेला असतो. त्यात तपकिरी रक्त मिसळलं की कॉफीच्या गाळासारखं दिसतं आणि "औषध वाया गेलं" असं वाटतं. तसं नसतं, औषध तोवर शोषलेलं असतं. आत टँपन घालायचा नाही, पॅडच वापरायचं, कारण रक्त किती जातंय ते पॅडवरच कळतं. रक्त जास्त जात असेल तर कॅप्सूल आत टिकत नाही. अशा वेळी मनाने मात्रा न वाढवता पुन्हा तपासून घ्यायचं.

खर्चाचा हिशेबही आधीच केला. ७ आठवडे ४ दिवसांपासून १६ आठवडे पुरे होईपर्यंत ५९ दिवस, म्हणजे ११८ कॅप्सूल. एकदम सगळ्या घेतल्या नाहीत. पुढच्या सोनोग्राफीपर्यंतच्या तेवढ्या घेतल्या, कारण ठोके थांबलेले दिसले तर औषध तिथेच बंद करायचं असतं. ते चालू ठेवलं तर थांबलेला गर्भ बाहेर पडायला उलट उशीर लागू शकतो. तेव्हाच्या मानसिक धक्क्यात हे सांगायचं राहून जातं, म्हणून आधी सांगितलं.

पुढे काय झालं

चिठ्ठीच्या मागे तिला मोठ्या अक्षरांत लिहून दिलं होतं की केव्हा घरी न थांबता लगेच निघायचं. एका तासात एक पॅड पूर्ण भिजलं आणि असं सलग दोन तास झालं, पोटात असह्य कळा आल्या, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली, ताप किंवा घाण वासाचा स्राव आला, तर रात्र असो की दिवस, निघायचं. वाहन नसेल तर १०८. शिवाय एका पायाची पोटरी सुजून दुखली तर तेही दुर्लक्षायचं नाही. बाकी थोडा डाग रोज दिसला तरी घाबरून यायचं कारण नाही. चौदा दिवसांनंतरही रक्त थांबलं नाही, किंवा वाढत गेलं, तर मात्र पुन्हा तपासणी.

तिसऱ्या दिवसाच्या त्या धारेनंतर रक्त तपकिरी झालं आणि आठव्या दिवशी थांबलं. दहाव्या दिवशी, ९ आठवडे पुरे झाले तेव्हा सोनोग्राफी: लांबी २३ मिलिमीटर, ठोके १७०, रक्ताचा साठा आकसलेला. मागच्या खेपेला ज्या आठवड्यात पडलं होतं तोच हा आठवडा, त्यामुळे पडद्यावर ठोके दिसेपर्यंत ती डोळे मिटूनच होती.

दहाव्या दिवसाच्या त्या भेटीत नवऱ्याने विचारलं, "म्हणजे औषधाने वाचलं ना?" याचं खरं उत्तर "सांगता येत नाही" असंच आहे. ती ७२ जणींतली असेल किंवा चौघींतली, एका बाईकडे बघून ते ओळखायचा मार्ग नाही. रक्त थांबलं म्हणून औषध लागू पडलं असंही म्हणता येत नाही, कारण औषधाशिवायही ते बहुतेकींत थांबतंच. आणि रक्त थांबलं म्हणून औषध सोडायचंही नाही. प्रिझममध्ये ते १६ आठवड्यांपर्यंत दिलं होतं, जो निकाल आपण वापरतोय तो तेवढ्या काळाचा आहे.

हीच सुवर्णा पहिलटकरीण असती तर? बाकी सगळं तेच, डाग तोच, ठोके तेच, कळ तीच. मग औषध लिहायला आधार नव्हता. आपल्याकडे या जागी सर्वांत जास्त चूक होते, कारण काहीच न लिहिता बाईला घरी पाठवणं डॉक्टरला जड जातं आणि घरच्यांना तर त्याहून. पण आधी गर्भपात न झालेल्या बायकांत प्रिझमचे आकडे ७४ विरुद्ध ७५ आहेत. त्या बाईला द्यायची गोष्ट म्हणजे स्पष्ट सोनोग्राफी, आठवड्या-दोन आठवड्यांनी दुसरी, आणि चिठ्ठीच्या मागची ती धोक्याची यादी. आणि डॉक्टर तरीही औषध लिहीत असतील तर एवढं विचारावं: हे कोणतं प्रोजेस्टेरॉन, कुठल्या रस्त्याने, किती दिवस, आणि माझ्या बाबतीत का?

सुवर्णा बाराव्या दिवशी कामावर गेली. दुचाकीवरून नवऱ्याने सोडलं. खाटेखालच्या विटा सासूबाईंनी त्या आठवड्यात स्वतःच काढल्या. १६ आठवडे पुरे झाले त्या रात्रीची कॅप्सूल शेवटची, मात्रा हळूहळू उतरवायची गरज नव्हती, वार केव्हाच कामाला लागली होती. पुढची तारीख लिहून दिली ती बाळाच्या अवयवांच्या सोनोग्राफीची, १८ ते २० आठवड्यांची.